सरांचा 'सी' आणि आमचा 'सी'

स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला आणि डोळ्यांसमोर आले ते आमचे बँडचे सरच. बाकीच्या शिक्षकांनी रागावू नये.

स्नेहसंमेलनाच्या तालमीत एकदा नोटेशनचा एकच कागद होता, तोही पियानोचा. मी क्लॅरिनेटवर, माझा मित्र आल्टो सॅक्सोफोनवर. दोघांनी मान वाकवून त्यातलंच वाचायला घेतलं आणि असा काही गोंगाट झाला की मागच्या बाकावरची पोरं हसू लागली. आम्हाला वाटलं, वाद्यं बेसूर आहेत. सर म्हणाले, "बेसूर असतं तर सूर थोडासा हलला असता. इथे तर अख्खी पट्टीच वेगळी आहे. तिघेही सी वाजवा."

पियानोवर पांढरी एक वाजली, माझ्या क्लॅरिनेटमधून काळी पाच आली आणि आल्टोतून काळी दोन. कागदावर तिघांचा सी, कानाला सी, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट. मग सरांनी मला डी आणि मित्राला ए वाजवायला सांगितलं, आणि तिन्ही वाद्यांतून एकच सूर निघाला.

त्या रात्री बसून सरांनी आमचे कागद हाताने लिहिले. चाल बी फ्लॅट मेजरमध्ये होती, म्हणजे पियानोला दोन फ्लॅट. मला एक पूर्ण स्वर वर चढवून सी मेजर मिळालं, ना शार्प ना फ्लॅट. मित्राला जी मेजर, एक शार्प.

"मग सरळ जो सूर ऐकू येतो तोच का लिहीत नाहीत?" असं मी विचारलं. (आगाऊ होतो.) सरांनी उत्तर दिलं नाही, कपाटातला टेनर सॅक्सोफोन मित्राच्या गळ्यात अडकवला. "डाव्या हाताची तीन बोटं दाब. आल्टोवर याला काय म्हणतोस?" "जी." "इथेही जीच." आल्टोवर त्या बोटांनी बी फ्लॅट ऐकू येतो, टेनरवर एफ. नळी लांब झाली की सूर उतरतो, बोटं मात्र तीच. खरे सूर लिहिले असते तर वाद्य बदललं की प्रत्येक बोटाचं नाव नव्याने पाठ करावं लागलं असतं. म्हणून हिशेब लिहिणाऱ्याने करायचा, वाजवणाऱ्याने नाही. क्लॅरिनेटवाले ए आणि बी फ्लॅट अशी दोन वाद्यं बाळगतात, तेही याच सोयीवर.

आता मी एका छोट्या बँडसाठी पार्ट लिहितो. संगणक क्षणात पट्टी बदलून देतो, त्यामुळे आमच्या पोरांना हा हिशेब माहीतच नाही. परवा एकाने टेनरवर आल्टोचा कागद लावला आणि पट्टा घट्ट करत बसला. मी त्याला म्हटलं, "पियानोबरोबर सी वाजव बघू."