आमची वाटचाल: साडेनव्याण्णव टक्क्यांचा हिशेब

आमची कंपनी चिपळूणची. लोटे परशुराम एमआयडीसीतल्या आणि रत्नागिरीच्या बाजूच्या कारखान्यांची सर्व्हर, नेटवर्क आणि ईआरपी सांभाळणं हे आमचं काम. करार तीन ते पाच वर्षांचे असतात, रक्कम मोठी असते, आणि एकदा करार झाला की मुदत संपेपर्यंत कारखाना दुसऱ्या कुणाकडे बघतही नाही. म्हणजे आपण कितीही चांगले असलो तरी बहुतेक दारं बहुतेक काळ बंदच असतात.

ऑस्ट्रेलियातल्या एहरेनबर्ग-बास संस्थेचे प्राध्यापक जॉन डॉझ यांनी २०२१ मध्ये हेच गणित मांडलं होतं. कंपन्या एखादी सेवा पाच वर्षांनी बदलत असतील, तर एका वर्षात साधारण २० टक्के कंपन्या खरेदीला निघतात आणि एका तिमाहीत फक्त ५ टक्के. उरलेल्या ९५ टक्क्यांना आज काही विकता येत नाही. पण त्या निघतील तेव्हा त्यांना आपलं नाव आठवायला हवं, आणि आठवताना एखाद्या ठाम गोष्टीसकट आठवायला हवं. थॉट लीडरशिप म्हणतात त्याचा आमच्या धंद्यातला अर्थ मला एवढाच दिसतो. ‘डिजिटल परिवर्तन काळाची गरज’ असल्या लेखांनी हे होत नाही, कारण तो लेख कुठल्याही कंपनीच्या नावावर खपतो आणि वाचणाऱ्याला उद्या सकाळी वेगळं काही करायला लावत नाही.

आमच्या ज्या लेखाने सर्वांत जास्त काम केलं, त्याचा विषय अगदी लहान होता: करारात ‘९९.५ टक्के अपटाइम’, म्हणजे एवढा वेळ सिस्टीम चालू राहील, असं लिहिलं तर प्रत्यक्षात हातात काय पडतं?

हिशेब सोपा आहे. तीस दिवसांचा महिना म्हणजे ७२० तास. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. एवढा वेळ सिस्टीम बंद पडली तरी सेवा देणारा करारात बसतो, आणि हे बहुतेकांना मान्य असतं. पण मोजणी दरमहा करायची की वर्षाची, हे करारात पुष्कळदा स्पष्ट नसतं. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा अर्धा टक्का जवळजवळ ४४ तास होतो. म्हणजे सलग पावणेदोन दिवस सिस्टीम बंद राहिली आणि उरलेलं वर्ष नीट गेलं, तर करार मोडलाच नाही! टक्केवारी तीच, फक्त मोजायची मुदत बदलली.

त्याहून महत्त्वाचा भाग अपवादांचा. पुण्या-मुंबईच्या नमुन्यावरून उचललेल्या करारांत वादळ, पूर, वीज जाणं हे सगळं ‘नैसर्गिक आपत्ती’त टाकून मोजणीतून वगळलेलं असतं. आपल्याकडे हे कसं चालेल? जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. असा पूर आपत्तीत धरणं रास्त आहे. पण जुलैत झाड पडून लाइन तुटणं ही कोकणातली आपत्ती नव्हे, तो इथला पावसाळा आहे. त्याची तयारी जनरेटर, दुसऱ्या मार्गाने येणारी इंटरनेट जोडणी आणि घाटावर ठेवलेला बॅकअप अशी आधीच करावी लागते. ती सगळी वेळ मोजणीतून वगळली, तर सिस्टीमची सर्वांत जास्त गरज असते त्या चार महिन्यांत करार कागदावरच राहतो.

म्हणून लेखात आम्ही कलमाचा मसुदाच दिला. मोजणी दरमहा. दोन तासांपर्यंतचा वीजखंड अपवादात धरायचा नाही. ठरवून केलेली दुरुस्ती रविवारीच, आणि तिची सूचना तीन दिवस आधी. दंडाचाही हिशेब मांडला: महिन्याचं बिल ४ लाख आणि भरपाईची मर्यादा १० टक्के असेल, तर जास्तीत जास्त ४० हजार परत मिळतात. बिलं आणि ई-वे बिलं त्याच सिस्टीममधून निघत असतील, तर ती बंद पडल्यावर गाड्या गेटवर उभ्या राहतात. न्हावा शेवा बंदरात कंटेनर पोचवायची कट-ऑफ वेळ चुकून कंटेनर पुढच्या जहाजावर गेला, तर ते नुकसान ४० हजारांत भरून निघत नाही. म्हणून दंड वाढवण्यासाठी भांडण्यापेक्षा लागोपाठ दोन महिने अपटाइम ठरलेल्या पातळीखाली घसरला तर करार सोडण्याचा हक्क मागा, असं आम्ही स्पष्ट लिहिलं. ही अट आमच्यावरही लागू होते, हे त्याच परिच्छेदात नमूद केलं.

हा लेख आमच्या फील्ड इंजिनिअरने सांगितला आणि मी लिहिला. आधी एका ओळखीच्या पर्चेस मॅनेजरना वाचायला दिला. ते म्हणाले, “साहेब, टेक्निकल भाग कमी करा, मला हे फायनान्सला दाखवायचंय.” तेव्हा लेखाचा खरा वाचक माझ्या लक्षात आला. मोठ्या करारात आयटी मॅनेजर आम्हाला भेटतात, पण सही करणारे फायनान्स हेड आणि मुंबईच्या ऑफिसातले कायदा बघणारे लोक आमच्यासमोर कधी बसतच नाहीत. त्यांच्यापर्यंत आमच्याऐवजी कागद जातो. म्हणून तीन पानांची पीडीएफ, एका पानावर हिशेबाचा तक्ता, प्लांटसाठी मराठी आणि मुख्य ऑफिससाठी इंग्रजी, अशी रचना ठरली. कुठल्याही ग्राहकाचं नाव किंवा आकडा त्यात घेतला नाही. गोपनीयतेचा करार असताना नाव झाकूनही लोट्यात कोण ते लगेच ओळखतात.

लाइक आणि वाचकसंख्या आम्ही बघतो, पण त्यावरून काही ठरवत नाही. लेख लागू पडला हे कळतं ते शब्दांवरून. प्रसिद्ध केल्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर, ज्यांच्याशी आमचा कधीच संबंध आला नव्हता अशा एका रसायन कारखान्याची निविदा आली. तिच्यात ‘मोजणी दरमहा’ आणि दोन तासांच्या वीजखंडाचं कलम जवळपास आमच्याच वाक्यात होतं. पहिल्याच बैठकीला फायनान्स हेड स्वतः आले आणि आमच्या तक्त्याची प्रिंट त्यांच्या फाइलमध्ये होती. आम्ही कोण, किती माणसं, हे प्रश्न मागे पडले. बोलणं थेट घाटावरच्या बॅकअपवरून सुरू झालं. दर आमचा सर्वांत कमी नव्हता. पाच वर्षांचा करार आम्हाला मिळाला.

याला मर्यादा आहेत. निविदेत उलाढालीची किमान अट असते, तिथे लेख उपयोगी पडत नाही. अशा ठिकाणी आम्ही मोठ्या कंपनीचे भागीदार म्हणूनच आत जातो. लेखामुळे खरेदीचा काळही कमी होत नाही, मंजुऱ्यांना लागतात तेवढे महिने लागतातच. आणि जुन्या ग्राहकाने फोनवर दिलेल्या खात्रीची जागा कुठलाही कागद घेऊ शकत नाही. शिवाय मसुदा खुला केला की प्रतिस्पर्धीही तो वापरतात. वापरू देत. पण घाटावर बॅकअप ठेवलेला नसताना ते कलम मान्य करणं त्यांनाच महागात पडेल.

आता पुढचा लेख हस्तांतरावर चालू आहे: जुना सेवा देणारा जाताना पासवर्ड, लायसन्स आणि नेटवर्कचे नकाशे कोणत्या क्रमाने ताब्यात घ्यायचे, आणि नव्या माणसांनी जुन्यांच्या शेजारी किती आठवडे बसायचं. आमचे इंजिनिअर सहा आठवडे म्हणतात. ज्यांना मसुदा वाचायला दिलाय ते पर्चेस मॅनेजर चारांवर अडून बसलेत, कारण त्या काळात दोन्ही बिलं त्यांनाच भरावी लागतात. दोघांचेही आकडे कारणांसकट छापायचं ठरलं आहे.