रविवारी वटलेला चेक

आज दिवसभर कर्जाच्या फायलींमधली बँक स्टेटमेंटं तपासली. रविवारची तारीख दिसली म्हणून लगेच खोटं ठरवू नका, आधी व्यवहाराचा प्रकार बघा. यूपीआय कायमच चालतं. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि पगार, हप्ते एकगठ्ठा वळते करणारं नॅच ऑगस्ट 2021 पासून सुट्टीतही चालतं, त्यामुळे रविवारी आलेला पगार खरा असू शकतो.

चेक क्लिअरिंगचं तसं नाही. 10 मार्च 2024 ला चेक वटून जमा दिसला तर शंका घ्याच: तो रविवार होता, आदला दिवस दुसरा शनिवार. काउंटरवर भरलेली रोखही तशीच. मशीनमध्ये भरलेली मात्र रविवारी जमा होते. अपवाद 31 मार्च 2024 चा. रविवार असूनही सरकारी व्यवहारांसाठी बँका उघड्या होत्या.

शंका आलीच तर अर्जदाराकडून नवी पीडीएफ घेऊ नका, स्टेटमेंट थेट बँकेकडून पडताळून घ्या.