आमची वाटचाल : जांभ्याच्या पायऱ्या, शेवाळ आणि आम्ही बदललेल्या पद्धती

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घर उतारावर असतं आणि घरापर्यंत पोचायला चिऱ्याच्या पायऱ्या असतात. मृगाचा पाऊस लागला की पंधरा दिवसांत त्या हिरव्या होतात, श्रावणापर्यंत बुळबुळीत होतात. आमचा व्यवसाय या पायऱ्या आणि कंपाउंडच्या भिंती धुण्याचा. सुरुवातीला ज्या पद्धतीने आम्ही काम करायचो, त्यातली जवळजवळ एकही आज वापरत नाही. ती का सोडली, हीच आमची वाटचाल.

पहिली पद्धत सगळे करतात तीच : तारेचा ब्रश आणि फरशी धुवायचं अ‍ॅसिड. अ‍ॅसिड टाकलं की फेस येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण तो फेस शेवाळाचा नसतो, दर्जांमधलं सिमेंट आणि चुना विरघळत असतो. शिवाय जांभ्यात लोह भरपूर. अ‍ॅसिडने ते सुटतं आणि दगड वाळला की पिवळट-तांबूस डाग उठतात, जे नंतर कशानेच जात नाहीत. तारेच्या ब्रशचे तुटलेले तुकडे भोकांत अडकून गंजतात, तो डाग वेगळाच.

त्यानंतर प्रेशर वॉशर आला. दिसायला झकास काम, एका दुपारी जिना लालभडक. पण पुढच्या पावसाळ्यात त्याच पायऱ्या शेजारच्या न धुतलेल्या पायऱ्यांपेक्षा आधी हिरव्या व्हायच्या. कारण दगडातच आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागून वरून कडक होतो. जोरदार धार ही कडक साल काढते, भोकांतली पिवळी-पांढरी माती उपसते आणि भोकं मोठी करते. मोठ्या भोकात पाणी जास्त वेळ राहतं, मग शेवाळाला आणखी काय हवं? आता मशीन वापरलंच तर फक्त शेवटी धुवायला, पंख्यासारख्या पसरट धारेचा नोझल लावून, हातभर अंतरावरून.

मुळात शेवाळ खरवडायचं नसतं, मारायचं असतं. हिरवा थर वर दिसतो, पण जीव भोकांच्या आत असतो. काळ्या डागांचंही तेच. लोक त्याला धूळ किंवा काजळी समजतात, पण बहुतेक वेळा तो सूक्ष्म शेवाळी जिवाणूंचा थर असतो. उन्हापासून वाचायला तो स्वतःभोवती गडद रंग धरतो, उन्हाळ्यात वाळून काळा पडून राहतो आणि पाऊस पडला की पुन्हा जागा होतो. ओळखायची युक्ती सोपी : काळ्या भागावर ब्लीचिंगच्या पाण्याचे चार थेंब टाका. पाच-दहा मिनिटांत रंग फिका पडला तर तो सजीव थर. अजिबात फरक नसेल तर चुलीची काजळी, डांबर किंवा जुना रंग असेल, तिथे आमची पद्धत चालत नाही आणि आम्ही तसं आधीच सांगतो.

आता एक नेहमीचं काम पूर्ण घेऊ. अठरा पायऱ्या, प्रत्येक चार फूट रुंद, एक फूट खोल, सहा इंच उंच. म्हणजे एका पायरीचे सहा आणि सगळ्या मिळून 108 चौरस फूट. याला दहा लिटर द्रावण पुरतं. प्लास्टिकच्या बादलीत दहा लिटर पाण्यात एक किलो ब्लीचिंग पावडर कालवायची. सीलबंद, ताज्या पावडरमध्ये साधारण तीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, म्हणजे द्रावण तीन टक्क्यांच्या जवळ जातं. पावडर ओलसर, गोळे झालेली आणि वासाला मंद असेल तर ती मेलेली आहे, दुप्पट टाकूनही उपयोग नाही. कालवल्यावर अर्धा-पाऊण तास ठेवायचं आणि फक्त वरचं नितळ पाणी गाळून पंपात भरायचं. खालचा गाळ चुन्याचा. तो पायरीवर गेला तर वाळल्यावर पांढरी साय दिसते आणि पंपाचा नोझलही तुंबतो.

त्याआधी जाड शेवाळ काढलेलंच हवं. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, मग खराट्याने झाडायचं, आणि हे खालून वर करत जायचं, म्हणजे पाय नेहमी साफ झालेल्या पायरीवर राहतो. खरवडणं टाळलं तर सगळं क्लोरीन वरच्या हिरव्या गादीतच खर्च होतं आणि भोकांपर्यंत काहीच पोचत नाही. "औषध टाकलं पण आठ दिवसांत परत आलं" ही तक्रार बहुधा इथली असते.

फवारणी मात्र वरून खाली येत करायची. पंधरा मिनिटं दगड ओला ठेवायचा, वाळू लागला तर पुन्हा हलका फवारा. या वेळात जिन्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, कारण मरतं शेवाळ जिवंतपेक्षा जास्त घसरतं. मग नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. दोन्ही बाजूंची झाडं फवारणीआधीच पाण्याने भिजवून ठेवतो, म्हणजे पानांनी द्रावण कमी ओढावं. लोखंडी कठडा प्लास्टिकने झाकतो. धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा व्हाळाकडे जात असेल तर तिथे ब्लीचिंग वापरतच नाही, नुसतं खरवडून घासतो. हातमोजे, चष्मा, गमबूट लागतातच. आणि जिथे त्याच दिवशी कोणी अ‍ॅसिड टाकलं असेल तिथे आम्ही हात लावत नाही : दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

पावसाळ्यात खरी अडचण असते उघडीप. फवाऱ्यानंतर दहा मिनिटांत सर आली की सगळं वाहून गेलं. म्हणून आम्ही तारीख देत नाही, "दोन-तीन तास कोरडे मिळाले की येऊ" असं सांगतो. ग्राहकाला ते आवडत नाही, पण दुसरा उपाय नाही.

कंपाउंडच्या भिंतीला तेच द्रावण, पण खालून वर फवारायचं, नाहीतर कोरड्या भागावर ओघळांच्या रेघा पडतात. भिंतीवर काळे पट्टे एकाच जागी दरवर्षी येत असतील तर धुणं थांबवा आणि वर बघा. भिंतीच्या माथ्यावरचं पाणी तोंडावरून वाहतंय. माथ्याला एका बाजूला उतार, बाहेर इंच-दीड इंच आलेली कड आणि त्या कडेखाली एक खाच, म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता खाली ठिबकेल. हे गवंड्याचं काम आहे, आमचं नाही. पण ते झालं की आमचं काम निम्म्यावर येतं, हे कबूल करायला हवं. पायऱ्यांवर पागोळ्या पडत असतील तर पन्हळ लावणं हाही तसाच उपाय.

वरून चकचकीत वॉर्निश मारायची मागणी दरवर्षी येते. पायऱ्यांवर आम्ही ते करत नाही. ओल खालून येते, थर फुगून सुटतो आणि तोपर्यंत ओल्या पायरीवर काचेसारखा घसरतो. पाणी झटकणारं, दगडात मुरणारं सिलेनचं औषध चालतं, पण पावसाळ्यात नाही. दगड आतून वाळायला जानेवारी उजाडतो. मार्चपर्यंत ते काम घेतो, आणि त्याआधी पायरीवर पाण्याचा थेंब टाकून तो लगेच शोषला जातो का ते पाहतो. थेंब वरच राहिला तर दगड अजून ओला आहे किंवा कोणीतरी आधीच काहीतरी मारलेलं आहे.