चवळीला भुंगा

दुपारी चवळीचा डबा उघडला आणि झाकणाच्या आतून दोन तपकिरी ठिपके चालत निघाले. दाणे ताटात ओतले तर निम्म्यांना छिद्रं. एकसारखी, गोल, सुताराने बारीक गिरमिट फिरवावं तशी. काही दाण्यांवर पांढरे ठिपके होते, मिठाचा कण चिकटल्यासारखे. ती अंडी. धुऊन जात नाहीत, नखाने खरवडावी लागतात.

म्हणजे एप्रिल लागला. भिंतीवरचं कॅलेंडर मी सिलिंडरची तारीख लिहायला वापरते. महिने मला ओट्यावर कळतात. मुंग्या होळीपासूनच साखरेच्या डब्याला प्रदक्षिणा घालताहेत, पण त्यांच्याशी माझं भांडण नाही. डबा पाण्याच्या ताटलीत उभा केला की झालं. भुंग्याचं तसं नाही. तो शेतातूनच दाण्यावर बसून येतो आणि या उकाड्यात अंड्याचा भुंगा व्हायला महिनाभर पुरतो.

मिरजेला आजी कडधान्याला किलोला चमचाभर एरंडेल चोळून ठेवायची. पण तिचा खरा जीव गव्हात. मे महिन्यात गच्चीवर जुन्या साड्या अंथरून पोतंभर गहू वाळत पडायचा आणि चिमण्या हाकलायला मी. तिसऱ्या दिवशी आजी एक दाणा दाढेखाली धरायची. ‘कट्’ असा आवाज आला तर वाळला. नुसता चेपला तर अजून एक ऊन. वाळला तरी लगेच भरायचा नाही. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्यायचा, मग पत्र्याच्या डब्यात, मध्ये मध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून.

एका वर्षी दुपारीच आभाळ भरून आलं. वळवाचा पहिला थेंब पडला तेव्हा आम्ही सगळे साड्यांची टोकं धरून जिन्यात होतो. गहू अंगभर गरम होता आणि घरात पसरायला जागा नव्हती, कारण पाहुणे होते. आजीने तसाच डब्यात भरला. झाकणाला आतून घाम आला असणार. वरचा थर दमट राहिला आणि दमट गव्हाला टोके पडायला निमंत्रण लागत नाही. टोक्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक लिंपून टाकते, त्यामुळे भरताना गहू स्वच्छच दिसतो. गणपतीत आजीने डब्यात हात घातला आणि तसाच ठेवला. ‘ताप आलाय गव्हाला,’ म्हणाली. खरंच कोमट होता. बाहेर धो धो पाऊस आणि डब्यात माणसाच्या तळहाताइतकी ऊब! वर काढलेल्या मुठीत निम्मं पीठ होतं आणि सोंडवाले काळे किडे मेल्याचं सोंग घेऊन पडले होते.

पावसाळ्याचं खरं तोरण मात्र वाळवीचं. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या संध्याकाळी पंखवाले किडे ट्यूबलाइटवर तुटून पडायचे. दिवे घालवायचे, एका दिव्याखाली पाण्याची परात ठेवायची आणि काळोखात भाकरी खायची. सकाळी खिडकीखाली पंखांचा ढीग. आजी तो झाडून टाकायची, पण एकदा माजघराच्या चौकटीपाशी, जिथे दिवाच नव्हता, तिथे पंख दिसले तेव्हा केरसुणी हातातच राहिली. तिने चौकटीवर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

पाली त्या महिन्यात गरगरीत होतात. मी पाल मारू देत नाही, याचं कारण विचारू नये.

दिवाळीत पणतीभोवती हिरवे तुडतुडे आले की भात कापणीला आला. कापणी होऊन शेतं रिकामी झाली की उंदीर घरात, आणि मग थंडीभर सगळं शांत. टोके आणि भुंगे तेव्हा मरत नसतात, नुसते सुस्तावतात. डबे उघडताना मला ते लक्षात राहत नाही. दर वर्षी.

तर चवळी. पाण्यात टाकली, पोकळ दाणे वर तरंगले, ते काढून फेकले. बुडलेल्यांना मोड आणून उसळ केली. ओलं खोबरं जरा सढळ घातलं. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली. पांढरे ठिपके असलेले दाणे तरंगत नाहीत, हे मी कुणाला बोलले नाही.