देऱ्याचा भाव, झवेरी बाजारचं बिल

दुबईहून सुट्टीवर निघालेल्या माणसाला मुंबईतून पहिला फोन येतो तो सोन्याचा. 2024 च्या दिवाळीआधी मलाही आला. भाचीचं लग्न ठरलं होतं आणि आमच्याकडून वीस ग्रॅमच्या पाटल्या द्यायच्या होत्या. वहिनीचं म्हणणं, "भावजी, तिकडून घेऊ नका, नुसता भाव विचारून या."

निघायच्या आदल्या संध्याकाळी दुबईतल्या देऱ्याच्या गोल्ड सूकमध्ये, म्हणजे सोन्याच्या बाजारात गेलो. तिथे दुकानांत भावाचे फलक असतात, आकडा दिवसातून अनेकदा बदलतो. 22 कॅरेट ग्रॅमला 310 दिरहमच्या आसपास होतं. मजुरी ग्रॅममागे 15 दिरहम सांगितली. कागदावर लिहून घेतलं आणि विमान पकडलं.

धनत्रयोदशीच्या सकाळी मशीद बंदरला उतरून वहिनी आणि मी झवेरी बाजारात चालत गेलो. मुंबादेवीच्या बाजूने गल्लीत शिरलं की हातगाड्या, हमाल, चहावाले आणि खरेदीला आलेली कुटुंबं एकमेकांच्या अंगावर येतात. वरच्या माड्यांवर कारागीर बसतात. त्यांच्या कारखान्यांतला केरसुद्धा फेकत नाहीत, त्यात सोन्याचे कण असतात म्हणून तो विकत घेणारे आहेत.

दुकानात 22 कॅरेट ग्रॅमला 7,400 च्या आसपास. दिरहम तेव्हा 22 रुपये 90 पैसे धरला, म्हणजे देऱ्यात ग्रॅम पडतं सुमारे 7,100 ला. ग्रॅमला तीनशेचा फरक, वीस ग्रॅमला सहा हजार. बहुतेक जण इथेच थांबतात आणि गावभर सांगतात की दुबईत सोनं स्वस्त. वहिनी थांबणाऱ्यातली नाही. ती बँकेत रोखपाल आहे, तिने काउंटरवरच पेन मागितलं.

दुबईत दागिन्यावर 5 टक्के व्हॅट लागतो, सोनं आणि मजुरी दोन्हींवर. पर्यटकाला त्यातला बराचसा परत मिळतो. माझ्याकडे तिथला रेसिडेन्स व्हिसा, मला मिळत नाही. तेव्हा मजुरी धरून ग्रॅमचे 325 दिरहम, त्याचे व्हॅटसह 341 झाले आणि वीस ग्रॅमच्या पाटल्या 1,56,300 रुपयांना पडल्या. इथे शेठने मजुरी 10 टक्के सांगितली, त्या सगळ्यावर 3 टक्के जीएसटी. एकूण 1,67,700. म्हणजे फरक सहा हजारांचा नव्हे, अकरा हजारांचा! मी जरा ताठ बसलो.

"आणि कस्टम?" वहिनी म्हणाली.

वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला तेव्हाच्या नियमाने वीस ग्रॅमपर्यंत दागिना शुल्काविना आणता येत होता, पण किंमत पन्नास हजारांच्या आत हवी. ही मर्यादा 2016 च्या नियमांतली. तेव्हा सोनं इतकं चढलेलं नव्हतं, वीस ग्रॅम कसेबसे बसत. आता पाटल्यांची किंमत तिच्या तिप्पट. वरच्या सुमारे 1,06,000 वर 6 टक्के शुल्क लावलं तर 6,400 गेले. हे शुल्क जुलै 2024 मध्ये 15 वरून 6 वर आणलं होतं. गंमत अशी की देरा आणि मुंबईच्या फलकांत जो फरक दिसतो तो मुख्यतः याच शुल्काचा. सोनं बंदरातून आलं काय किंवा माझ्या बॅगेतून आलं काय, सरकार आपला वाटा घेतंच. मागे जे उरतं ते मजुरीचं.

उरले पाच हजार. वहिनीने पेन खाली ठेवलं आणि मजुरीवर आली. शेठने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, चहा मागवला, घाट बघा म्हणाला, हाताचं काम आहे म्हणाला. मग दहाचे आठ टक्के झाले. बिल 1,64,600 वर आलं. देऱ्यापेक्षा दोनेक हजार जास्त, आणि तेवढ्यासाठी विमानतळावर रेड चॅनेलला पावती घेऊन उभं कोण राहणार? शिवाय असा घाट देऱ्यात मला दिसला नव्हता. तिथल्या पाटल्या म्हणजे यंत्रावरच्या जाड बांगड्या.

पैसे द्यायच्या आधी वहिनीने पाटली भिंगाखाली धरली. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत 22K916 आणि शेजारी सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. एप्रिल 2023 पासून तो नसलेला नवा दागिना दुकानात विकता येत नाही. तिने तो मोबाइलवर बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकून बघितला. देऱ्याच्या दागिन्यावर हा नंबर नसतो, त्यामुळे तो पुढे इथे मोडायला नेला की सोनार आधी कॅरेटमीटरवर ठेवतो, मगच भाव बोलतो.

परत निघताना वहिनीने पुढच्या खेपेची ऑर्डर दिली. साधी, यंत्रावरची चेन, तिची मजुरी तिकडे कमी असते. वजन तिनेच ठरवलं: सहा ग्रॅम, म्हणजे पन्नास हजारांच्या आत.