बाराशे रुपयांत भरलेलं पहिलं सामान

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बेळगावच्या वडगावात भाड्याच्या खोलीत राहायला आलो. हे उद्यमबागेत कामाला, माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. तांदूळ आणि हुलगे आईने गावाहून बांधून दिले होते, तेल आणि चहा-साखरेचे पैसे वेगळे काढले होते. उरलेल्या बाराशे रुपयांत डाळी, पीठ आणि मसाले महिनाभर पुरवायचे होते.

शेजारच्या काकूंनी प्रेमाने मला यादी करून दिली. सव्वीस जिन्नस होते. खसखस, दगडफूल, सगळ्या कडधान्यांचा अर्धा-अर्धा किलो, राजगिऱ्याचं पीठसुद्धा. ती यादी भरल्या घराची होती. त्यातलं आधी काय घ्यायचं हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मी पहिल्याच दिवशी दोन चुका करून बसले.

पहिली चूक पिठाची. एका मोठ्या दुकानात जोंधळ्याचं तयार पीठ पिशवीत मिळालं, दोन किलो उचललं. संध्याकाळी भाकरी थापायला घेतली तर कडा फुटायला लागल्या. हाताने सांधत कशीबशी परातभर केली, पण तव्यावर टाकताना मधोमध दोन तुकडे झाले. पुन्हा मळलं, पुन्हा तेच. फोनवर आई म्हणाली, "पिठाची विरी गेलीय गं. उकळत्या पाण्यात भिजव, झाकून ठेव, मग मळ." तसं केल्यावर भाकऱ्या झाल्या, पण शेवटाला जरा कडवटपणा राहिलाच. जोंधळ्यात गव्हासारखा चिकटा नसतो. ताजं पीठ गरम पाण्याने तरी धरतं, जुनं झालं की तेवढीही धर राहत नाही, आणि त्यातला स्निग्धांश खवट होत जातो. आता मी चिमूटभर पीठ पाण्यात कालवून गोळी करते आणि बोटाने दाबते. कड चिरली की समजायचं, नुसतं कोमट पाणी पुरणार नाही.

दुसरी चूक तिखटाची. रंग छान दिसला म्हणून पाव किलो नुसतं बेडगीचं तिखट घेतलं. आमटी लालभडक झाली, पण तोंडाला चवच नाही. आणखी दोन चमचे घातले तर आमटी दाट आणि मातकट लागायला लागली. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटपणासाठी, हे लहानपणापासून ऐकलं होतं, पण दुकानात उभं राहिल्यावर आठवलं नाही. पुढच्या आठवड्यात थोडं संकेश्वरीचं तिखट आणून मिसळलं, तीन भाग बेडगी आणि एक भाग संकेश्वरी. ह्यांना तेवढं पुरतं. आमच्या माहेरी निम्मं-निम्मं असतं.

त्यानंतर मी काकूंची यादी बाजूला ठेवली आणि दुसरी वही काढली. आठवड्याचे सात दिवस लिहिले आणि समोर आपण खरंच काय शिजवणार ते लिहिलं. सकाळी डब्याला चपाती-भाजी, रात्री भाकरी, आमटी-भात. आमटी दोघांना साधारण ऐंशी ग्रॅम डाळीत होते, म्हणजे महिन्याला अडीच किलोच्या आत-बाहेर. मग सहा डाळी कशाला? तीनच घेतल्या: एक किलो तूरडाळ, एक किलो अख्खा मसूर, अर्धा किलो मूगडाळ.

मसुरावर मी अडून बसले. आपल्या बेळगावच्या आसपासच्या शिवारात भात काढल्यावर मसूर पेरतात, तो बारीक दाण्याचा असतो आणि तुरीच्या मानाने स्वस्त पडतो. त्या दिवशी तूर १६५ रुपये किलो होती आणि मसूर ९०. आणि तासभर भिजवला की कुकरच्या तीन शिट्ट्यांत होतो. चणे, वाटाणे रात्रभर भिजवा आणि वर जास्त गॅस जाळा. नव्या घरात सिलिंडर एकच असतो, तो किती दिवस पुरवायचा हाही खर्चच आहे. आठवड्यात तीन दिवस कांदा-लसूण घालून मसुराची आमटी, तीन दिवस तूर. मूगडाळ ज्या दिवशी भाजी नसेल किंवा कुणाचं अंग दुखत असेल त्या दिवसासाठी. ती कुकरशिवाय पातेल्यातही शिजते.

पिठासाठी रविवार पेठेत गेले. दुकानदार म्हणाले, "अक्का, पीठ कशाला घेताय, जोंधळा घ्या की. लागंल तसा दळा." पाच किलो जोंधळा आणि पाच किलो गहू घेतला, पण दळायला पहिल्यांदा दोन किलो जोंधळा आणि दोन किलो गहूच नेला. रात्रीच्या चार भाकऱ्यांना पावणेतीनशे ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दोन किलो आठवडाभर पुरतं. तेवढ्यात विरी जात नाही. गहू जरा जास्त दिवस टिकतो, पण पावसाळ्यात तोही मी पंधरा दिवसांपुरताच दळते.

गिरणीत एक गोष्ट विचारायची: "आधी काय दळलं?" आधीच्या दळणाचं पीठ थोडं आत राहतं आणि ते तुमच्या डब्यात येतं. जोंधळ्यावर जोंधळा दळून घ्यायचा. म्हणूनच थोडीशी हरभराडाळ नेऊन बेसन करायच्या भानगडीत पडले नाही, पाव किलो बेसन सरळ दुकानातून घेतलं. आठवड्यातून एकदा पिठलं होतं, तेवढंच.

मसाल्यात फोडणीचे तीन जिन्नस, मोहरी, जिरे आणि हिंगाची छोटी डबी. शिवाय हळद, तिखट, मीठ. मोहरी-जिरे शंभर-शंभर ग्रॅम. गरम मसाला घेतला नाही, कारण आईने दिलेल्या कांदा-लसूण मसाल्यात धणे, लवंग, दालचिनी, सुकं खोबरं सगळं असतंच. तो वाटीभर मसाला नसता तर शंभर ग्रॅम धणे नक्की घेतले असते. अर्धा किलो शेंगदाणे मात्र घेतले. भाजून कूट केला की भाजी दाट होते, चटणी होते, आणि भाकरीबरोबर काहीच नसलं तरी जेवण होतं. सगळं मिळून बिल बाराशेच्या आतच राहिलं. आधीच्या दोन चुकांचे पैसे मात्र पगाराच्या उचलीतून गेले.

माझी आई एप्रिल-मेमध्ये वर्षाची बेगमी करते. डाळींना ऊन दाखवते, कडुनिंबाचा पाला घालते, मिरच्या कडक वाळवून डंकावर कुटून आणते. ते कोरड्या दिवसांचं काम आहे. आम्ही आलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता, भिंतींना ओल होती. अशा हवेत जास्त भरलं असतं तर तिखटाच्या गुठळ्या झाल्या असत्या आणि डाळीत पोरकिडे. तरी तिखटाच्या बरणीत हिंगाचा खडा टाकलाच. आणि ओला चमचा कुठल्याच डब्यात जाऊ दिला नाही. तरीही दुसऱ्या आठवड्यात मूगडाळीत दोन-चार किडे दिसले. चाळली, निवडली, पंख्याखाली पसरली आणि आधी तीच संपवली.

महिना संपला तेव्हा डबे उघडून पाहिले. तूरडाळ दोन दिवस आधी संपली होती, मसूर मूठभर उरला होता. मोहरी निम्मीसुद्धा गेली नव्हती, तिखट जवळजवळ तळाला. म्हणून दुसऱ्या महिन्याला तूर सव्वा किलो, मोहरी नाही, आणि त्या वाचलेल्या पैशांतून धणे व थोडं सुकं खोबरं. आईच्या मसाल्याची वाटी तोवर रिकामी झाली होती.