रेटिंगच्या ओळीमागे काय घडले होते

छत्रपती संभाजीनगरातील एका कंपनीत अँड्रॉइड डेव्हलपरच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा माझ्या रिझ्यूममध्ये सर्वांत वर ‘प्ले स्टोअरवर तीन ॲप प्रकाशित, रेटिंग 4.6’ अशी ओळ होती. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी मला काही विचारण्याआधी आपल्याच फोनवर ती ॲप उघडली. दोन कॉलेजच्या प्रोजेक्टची होती. ती त्यांनी लगेच बाजूला ठेवली. तिसरे मी लातूरच्या एका आडत दुकानासाठी केले होते, शेतकऱ्यांची सोयाबीनची मापे आणि उचल नोंदवण्याचे. पुढे ते आणखी काही आडत्यांनी घेतले.

“आयफोनसाठी का नाही केलंत?” त्यांनी विचारले. मोंढ्यात माझ्या एकाही ग्राहकाकडे आयफोन नव्हता आणि ॲपल दरवर्षी 99 डॉलर घेते, तर गूगल एकदाच 25, असे मी सांगितले. हे रिझ्यूममध्ये का नाही, असे त्यांनी विचारले; त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग त्या अभिप्रायांकडे वळल्या. एकूण एकेचाळीस, त्यांतले निम्मे माझ्याच मित्रांचे. “हे चार एक-स्टार एकाच दिवशी कसे आले?” प्ले स्टोअर रेटिंग काढताना अलीकडच्या अभिप्रायांना जास्त वजन देते, त्यामुळे तो वाईट दिवस 4.6 या आकड्यात कधीच बुजला होता. तारखा मात्र तशाच होत्या.

घडले होते ते असे. उचलीच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला, फोनमध्ये नोंदी साठवणाऱ्या रूम डेटाबेसची आवृत्ती 3 वरून 4 केली, पण जुना तक्ता नव्यात बदलणारे मायग्रेशन लिहिले नाही. माझ्या फोनवर मी ॲप काढून नव्याने टाकून पाहिले होते, म्हणून ते नीट चालले. जुन्यावर अपडेट घेणाऱ्यांचे मात्र उघडताक्षणी बंद पडू लागले. अपडेट मी एकदम सगळ्यांना सोडले होते आणि प्ले स्टोअरवरून जुनी आवृत्ती परत पाठवता येत नाही, वाढीव `versionCode` लावून नवीच सोडावी लागते. `fallbackToDestructiveMigration` ही एक ओळ लिहून ॲप उघडले असते, पण आडत्यांची सगळी उचल पुसली गेली असती, म्हणून रात्री बसून मायग्रेशन लिहिले. तेव्हापासून मी अपडेट आधी पाच टक्के, मग वीस टक्के फोनना सोडतो, आणि मधले दोन दिवस क्रॅशचा आलेख पाहतो.

“हेच लिहून रिझ्यूम पुन्हा पाठवा,” त्या म्हणाल्या. मी ती ओळ बदलली:

‘आडत नोंदवही (अँड्रॉइड, कोटलिन). चुकलेल्या अपडेटनंतर नोंदी न गमावता दुरुस्ती. त्यानंतरची सर्व रिलीज टप्प्याटप्प्याने.’

दुसऱ्या फेरीची सुरुवात याच ओळीवरून झाली. ज्याने मधले अपडेट घेतलेच नाही, तो डेटाबेसच्या आवृत्ती 3 वरून थेट 5 वर आला तर काय होईल, असा प्रश्न होता. रूम 3 ते 4 आणि 4 ते 5 ही मायग्रेशन ओळीने चालवते, हे मला ठाऊक होते. पण तो मार्ग मी जुन्या नोंदी भरून कधी तपासला नव्हता, आणि तसेच सांगितले. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि त्याची चाचणी लिहायला सांगितली.